आमच्या लाल पुडीसारखीच दुसरी लाल पुडी : नोटीस पाठवायची की पुडी बदलायची?

शुभांगी_इस्लामपूर

सासूबाईंनी सुरू केलेला कांदा-लसूण मसाला (आमच्याकडे नुसतं 'चटणी' म्हणतात) आम्ही अकरा वर्षं विकतोय. वाळवा, शिराळा, कराडकडची काही गावं, आणि अलीकडे मिरजेत चाळीसेक दुकानं. दिवाळीनंतर बाजारात एक नवीन पुडी आली. लाल पाऊच, मध्ये कांदा-लसणाचा फोटो, खाली खलबत्ता, पिवळ्या अक्षरात नाव. नाव आमच्या नावाहून दीड अक्षरानं वेगळं. १०० ग्रॅमला आमच्यापेक्षा बारा रुपये स्वस्त. आत मिरचीपेक्षा रंग आणि मीठ जास्त, हे आम्ही घरी करून बघितलंय.

मिस्टर म्हणतात सरळ केस करू. दीर म्हणतात पाऊचच बदलून टाकू. नवीन पाऊच म्हणजे छपाईचे सहा रंगांचे सहा सिलिंडर, वर प्रिंटर किमान तीनशे किलो रोल घ्या म्हणतो. दोन्हीला पैसे लागतात आणि आमच्याकडे एकाचेच आहेत. नावाचा ट्रेडमार्क २०१९ मध्ये मिळालाय, पाऊचचा घेतलेला नाही. काय आधी करावं?

अजिंक्य_नाशिक

ताई, होलोग्राम लावा आणि क्यूआर कोड छापा. आमच्या ठिबकच्या फिल्टरचे डुप्लिकेट निघाले होते तेव्हा आम्ही होलोग्रामच लावला, सहा महिन्यांत बंद झाले.

विनायक_डी

अजिंक्य, तुमचा प्रश्न वेगळा होता. तुमचंच नाव छापून कुणीतरी माल विकत होतं, तिथे 'खरा कुठला' हे गिऱ्हाईक तपासतं, म्हणून होलोग्राम चालला. इथे समोरच्यानं स्वतःचं नाव छापलंय, तो काही लपवत नाही. शुभांगीताईंची गिऱ्हाईक बाई पुडी तपासतच नाही. दुकानात उभी राहून दोन सेकंदांत लाल पुडी बघते आणि पिशवीत टाकते. होलोग्राम ती बघेपर्यंत पुडी घरी पोचलेली असते.

ताई, मी बावीस वर्षं किराणा मालाच्या विक्रीत आणि नंतर पॅकेजिंगमध्ये काढली. मला आधी एवढंच सांगा : तुमच्या पाऊचवरचं नाव हातानं झाकलं, तर उरलेल्यातलं नक्की काय तुमचं आहे? लाल रंग तुमचा? कांद्याचा फोटो? खलबत्ता? सांगली बाजारात कांदा-लसणाच्या दहा पुड्या ओळीनं मांडा, त्यातल्या सात-आठ लाल असतील आणि चार-पाचांवर खलबत्ता असेल. त्यानं तुमची नक्कल केली हे खरं, पण जी घेतली ती तुमच्या एकटीची नव्हती. म्हणून ती इतकी सहज जमली.

शुभांगी_इस्लामपूर

वाचून वाईट वाटलं, पण खरं आहे. पाऊच केला तेव्हा प्रिंटरनंच डिझाइन दिलं होतं. 'कांदा-लसूण म्हणजे लालच चालतं' म्हणाला.

पोपटराव_किराणा

मी दुकानदाराच्या बाजूनं सांगतो, राग मानू नका वहिनी. माझं कराडजवळ दुकान आहे. बाई येती आन् म्हणती, 'दादा, कांदा-लसूण द्या, ती लाल पुडी.' आता लाल पुडी म्हणजे कुठली? माझ्याकडं चार आहेत. मी जिच्यात मला चार रुपये जास्त सुटत्यात ती देणार. नव्या मालाचा माणूस बावीस टक्के देतोय, वर बारा लडींवर एक फुकट. जुन्या ब्रँडवाले दहा-अकराच्या वर जात नाहीत. बाईनं नाव घेऊन मागितलं तर मी दुसरी देत नाही, गिऱ्हाईक तुटतं. पण नाव घेणाऱ्या थोड्या. म्हाताऱ्या माणसांना नाव वाचता येत नाही, पोरांना आठवत नाही.

विनायक_डी

पोपटरावांनी सगळ्या धाग्याचं मर्म सांगितलं. नक्कल करणारा आधी दुकानदाराला जिंकतो, मग गिऱ्हाइकाला. आणि दुकानदाराच्या हातात निवड जाते ती गिऱ्हाइकाकडे तुमच्यासाठी शब्द नसतो म्हणून. 'लाल पुडी' हा शब्द दहा जणांचा आहे.

याचं आपल्याकडचं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण पार्ले. त्यांच्या ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनावर शेतातली मुलगी, गायी, कोंबड्या असं चित्र होतं. म्हैसूरच्या एका कंपनीनं जवळपास तसंच वेष्टन काढलं : मुलगी, गाय, कोंबड्या. पार्ले खालच्या कोर्टात हरले, हायकोर्टातही हरले, आणि १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टात जिंकले. कोर्ट म्हणालं की दोन वेष्टनं शेजारी ठेवून फरक मोजत बसू नका, गिऱ्हाइकाच्या मनात काय राहतं ते बघा. आजही वकील हा निकाल दाखवतात.

पण पुढचा भाग फार कमी लोक सांगतात. एवढा मोठा निकाल हातात असूनही पार्लेची अडचण संपली नाही. बाजारात ग्लुकोज बिस्किटं काढणारे वाढत गेले आणि लोक दुकानात 'ग्लुकोज बिस्कीट द्या' म्हणायला लागले. 'ग्लुकोज' हा पदार्थ आहे, त्यावर कोण हक्क सांगणार? शेवटी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी नावच 'पार्ले-जी' केलं. आता लोक मागतात ते नाव दुसऱ्या कुणाचं असूच शकत नाही. त्याच्या जोडीला पिवळे-पांढरे पट्टे आणि ती छोटी मुलगी, हे त्यांनी पुढं दशकानुदशकं हलवलं नाही. पुड्याचा कागद जाऊन प्लॅस्टिक आलं, पण मुलगी तीच. कोर्टानं एका नकलेला थांबवलं. उरलेल्यांना थांबवायचं काम त्या मुलीनं केलं.

निखिल_रेडिंग

मी इंग्लंडमध्ये असतो. इथे तर स्वस्त सुपरमार्केटचा धंदाच हा आहे. मार्क्स अँड स्पेन्सरचा 'कॉलिन' नावाचा सुरवंटाच्या आकाराचा केक फार वर्षांपासून आहे. आल्डीनं 'कथबर्ट' नावाचा काढला. २०२१ मध्ये मार्क्सनं केस केली, तर आल्डीनं सोशल मीडियावर 'कथबर्टला सोडा' अशी मोहीमच चालवली. लोक आल्डीच्या बाजूनं हसले. २०२२ मध्ये आपसात मिटलं. ज्यांनी कधी कथबर्टचं नाव ऐकलं नव्हतं त्यांनाही ते कळलं. त्यामुळे कोर्टाच्या फंदात पडू नका. त्यापेक्षा लाल रंगच स्वतःच्या नावावर रजिस्टर करून टाका, म्हणजे विषय मिटला.

अॅड_प्राजक्ता_पुणे

निखिल, पहिला भाग बरोबर, दुसरा इतका सोपा नाही. आपल्या १९९९च्या कायद्यात रंगसंगती आणि वेष्टन ट्रेडमार्क होऊ शकतं, पण ते लोकांच्या मनात तुमचं झालंय हे सिद्ध करावं लागतं. दोन निकाल शेजारी ठेवून सांगते. २००३ मध्ये दिल्ली हायकोर्टात कोलगेट विरुद्ध अँकर असा खटला होता. टूथपावडरच्या डब्यावर एक-तृतीयांश लाल, दोन-तृतीयांश पांढरा ही विभागणी. अँकरचं नाव पूर्ण वेगळं असूनही कोर्टानं त्यांना तो डबा वापरायला मनाई केली, कारण कोलगेटनं ती वाटणी खूप वर्षं, न बदलता वापरली होती. उलट आयटीसी आणि ब्रिटानियाच्या पचनाच्या बिस्किटांच्या पिवळ्या-निळ्या पुड्यांवरून वाद झाला. आयटीसीला २०१६ मध्ये एका न्यायमूर्तींनी मनाई हुकूम दिला, तो २०१७ मध्ये खंडपीठानं रद्द केला. आयटीसीची पुडी बाजारात येऊन जेमतेम काही महिने झाले होते, तेवढ्यात ती रंगसंगती त्यांची ओळख झाली असं कोर्टाला वाटलं नाही.

म्हणजे कोर्ट तुम्हाला ओळख देत नाही. तुम्ही बाजारात कमावलेली ओळख ते फक्त राखतं. कांदा-लसणाच्या पुडीवर लाल रंग कुणालाच मिळणार नाही, कारण मिरचीचा रंग तो.

पण शुभांगीताई, केस करू नका असंही मी म्हणणार नाही. नाव दीड अक्षरानं वेगळं आहे आणि नाव तुमचं रजिस्टर आहे, तो तुमचा भक्कम मुद्दा. पाऊचवरून भांडू नका, नावावरून नोटीस पाठवा. आणि गप्प राहू नका. समोरच्याचं नाव रजिस्टर झालं आणि तुम्ही माहीत असून पाच वर्षं ते वापरू दिलंत, तर तुमचा विरोध करण्याचा हक्क जवळपास संपतो.

विनायक_डी

ताई, आता एक काम करून बघा, खर्च फक्त वेळेचा. पुडीवरची एकेक गोष्ट नावाशिवाय वेगळ्या पुठ्ठ्यावर घ्या. आठवडी बाजारात साठ बायकांना दाखवा. 'ही आमची आहे का?' असं विचारायचं नाही, 'हे बघून कुठली चटणी आठवते?' एवढंच. पर्याय द्यायचे नाहीत. त्या जितकी नावं घेतील तितकी सगळी लिहा. दुसऱ्या मसाल्याचं घेतलेलं नावही लिहा, तेच जास्त महत्त्वाचं. आणि विचारायला तुम्ही स्वतः जाऊ नका, तुम्हाला ओळखणारी बाई तुमचंच नाव घेईल.

प्रसाद_जीआय

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तुम्हीही मसाल्याला जीआय घ्या की, म्हणजे बाहेरचा कुणी करूच शकणार नाही.

अॅड_प्राजक्ता_पुणे

प्रसाद, जीआय हा प्रदेशाचा असतो, एका घराचा नसतो. मिळालाच तर तो नक्कल करणाराही त्याच तालुक्यातला असेल तर त्यालाही लागू होईल. इथे तो उपाय लागू नाही.

शुभांगी_इस्लामपूर

अकरा दिवसांनी लिहितेय. माझ्या नणंदेच्या मुलीनं आणि तिच्या मैत्रिणीनं दोन बाजारांत मिळून साठ बायकांना विचारलं.

लाल पाऊच आणि कांद्याचा फोटो : नऊ जणींनी आमचं नाव घेतलं. दुसऱ्या मसाल्यांची नावं सत्तेचाळीस वेळा आली. खलबत्ता : अकरा आमचं, एकतीस वेळा दुसरी.

मग सासूबाई म्हणाल्या, तो पिवळा दोरा दाखवून बघा. सांगायचं राहिलं, पहिली पाच-सहा वर्षं आम्ही साध्या पारदर्शक पिशवीत भरून तोंडाला हळदीत बुडवलेला दोरा बांधायचो. तोंडं सील करायचं मशीन नव्हतं. मशीन आलं आणि पाऊच आला तेव्हा दोरा बंद केला. मला तर तो गरिबीची खूण वाटायचा, म्हणून मीच बंद करायला सांगितलं होतं. मुलींनी साध्या पिशवीला तसा दोरा बांधून दाखवला, आत लाल तिखट, नाव कुठेही नाही. सव्वीस जणींनी आमचं नाव घेतलं. दुसऱ्याचं फक्त तिघींनी. एक आजी म्हणाली, 'ही दोऱ्याची चटणी हाय, आता मिळत न्हाय.' सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

पोपटराव_किराणा

वहिनी, दोऱ्याची चटणी तुमची व्हय! माझी आई तीच आणायला सांगायची. मला वाटलं ती बंदच पडली.

विनायक_डी

ताई, हे आकडे दोन बाजूंनी वाचा. पहिली बाजू : शंभरातल्या किती जणींना ती खूण बघून तुम्ही आठवता. लालचे साठात नऊ, म्हणजे पंधरा टक्के. दोऱ्याचे साठात सव्वीस, म्हणजे त्रेचाळीस टक्के, आणि तेही खूण बंद होऊन पाच वर्षं झाल्यावर. दुसरी बाजू : जितकी नावं आली त्यात तुमचा वाटा किती. लालमध्ये छप्पन नावांत नऊ तुमची. म्हणजे लाल रंगाची जाहिरात तुम्ही एक रुपयाची केलीत तर चौऱ्याऐंशी पैसे दुसऱ्यांच्या खिशात जातात. दोऱ्यात एकोणतीस नावांत सव्वीस तुमची. ऑस्ट्रेलियातल्या एहरेनबर्ग-बास संस्थेचे लोक याच दोन मापांनी मोठमोठ्या ब्रँडच्या खुणा तपासतात. खूण पुष्कळांना माहीत हवी आणि ती तुमच्या एकट्याची हवी. एकच बाजू असली तर ती खूण तुमच्यासाठी काम करत नाही.

आणि पोपटरावांच्या आईनं दिलेला शब्द सोन्याचा आहे. 'दोऱ्याची चटणी'. हे मागितल्यावर दुकानदाराला दुसरी पुडी देता येत नाही. ज्या खुणेला तोंडी नाव पडतं तीच गल्ल्यापर्यंत टिकते.

पण एक खबरदारी. हे साठ जण तुमच्या जुन्या गावांतले आहेत. मिरजेत तुम्ही पाऊच घेऊनच गेलात. तिथे विचारल्याशिवाय काही ठरवू नका.

शुभांगी_इस्लामपूर

मिरजेत चाळीस जणींना विचारलं. दोरा : दोघींनी आमचं नाव घेतलं. बाकीच्यांना काहीच आठवलं नाही. दुसऱ्याचंही नाव कुणी घेतलं नाही.

विनायक_डी

मग मिरजेत जागा रिकामी आहे, ती भरता येईल. लालची जागा तिथेही भरलेली असणार.

गौरी_डिझाइन

मी पाऊचचं काम करते, म्हणून छपाईचं सांगते. माझं मत आहे की लाल पूर्ण सोडा, पाऊच हळदी पिवळा करा. बिसलेरीनं तेच केलं. पाण्याच्या सगळ्या बाटल्या निळ्या झाल्या तेव्हा २००६च्या सुमारास त्यांनी निळं सोडून हिरवट लेबल घेतलं.

आणि लाल ठेवायचाच असेल तर एक धोका. लालवर पिवळा दोरा तसाच छापलात तर तो नारिंगी दिसेल, कारण शाई पारदर्शक असते. दोऱ्याच्या जागेतून लाल कापून घ्यावा लागतो आणि मागून पांढरा द्यावा लागतो. सिलिंडर जुळवताना अर्धा मिलिमीटर सरकलं तर दोऱ्याच्या कडेला पांढरी रेघ दिसते. म्हणून दोरा बारीक काढू नका, चांगला जाड, पुडीच्या तोंडाला आडवा आणि खाली सुटलेली दोन टोकं.

विनायक_डी

गौरी, छपाईचं अगदी बरोबर. रंगाबद्दल मात्र मी सहमत नाही. बिसलेरीकडे रंग बदलला हे देशभर सांगायला जाहिरातीचे पैसे होते, आणि तरीही हिरव्या लेबलच्या दुसऱ्या बाटल्या मी स्टेशनवर पाहिल्यात. म्हणून तर नंतर 'पाण्याची प्रत्येक बाटली बिसलेरी नसते' अशा अर्थाची उंटांची जाहिरात करावी लागली. लाल रंग बाईला सांगतो की हा कांदा-लसूण आहे. तो काढलात तर पिवळी पुडी हळदीच्या शेजारी जाऊन बसेल. लालनं पदार्थ सांगावा, दोऱ्यानं घर सांगावं.

गौरी_डिझाइन

चार लाल पुड्यांत दोरा लांबून दिसेल का, हे मला अजून पटत नाही. लड टांगलेली असते तेव्हा वरचं तोंड तर दुसऱ्या पुडीखाली झाकलेलं असतं.

पोपटराव_किराणा

बाईंचं बरोबर आहे. लडीत पुडीचा वरचा दोन बोटं भाग दिसत नाही. दोरा मधोमध पाहिजे नायतर खाली.

विनायक_डी

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. छापायच्या आधी कागदी पुड्या करून पोपटरावांच्या दुकानात टांगून बघा. पाव किलो आणि अर्ध्या किलोला खरा दोरा बांधा, ५० आणि १०० ग्रॅमला छापलेला. बॉक्सवर, बिलावर, गाडीवर तोच दोरा, त्याच पिवळ्यात. दोन वर्षांनी कंटाळा येईल, तेव्हा बदलू नका. कंटाळा तुम्हाला आलेला असतो, गिऱ्हाइकाला तेव्हा कुठे ओळख पटायला लागलेली असते.

अॅड_प्राजक्ता_पुणे

आता कायद्याचं काम या खुणेमागे लावा. दोरा असलेलं पूर्ण लेबल ट्रेडमार्कच्या ३० व्या वर्गात रंगासह अर्ज करून टाका, छोट्या उद्योगाला ऑनलाइन सरकारी फी साडेचार हजार आहे. नुसती पिशवीला दोरी बांधणं तुमच्या मालकीचं होणार नाही, तो उपयोगाचा भाग आहे. तुमचा तो विशिष्ट पिवळा, ती गाठ, ती जागा हे चित्र म्हणून मागा. जुन्या पिशव्यांचे फोटो, दुकानदारांची बिलं, मुलींनी बाजारात भरलेले कागद तारखेसह जपून ठेवा. उद्या कुणी दोराही छापला तर कोर्टात हेच लागतं.

आणि प्रिंटरकडून लेखी घ्या की सिलिंडर तुमचे आहेत, दुसऱ्यासाठी वापरणार नाही. नक्कल करणाऱ्याच्या पुडीचं माप आणि खलबत्त्याचं चित्र तंतोतंत तुमच्यासारखं असेल तर ती कुठून छापून आली हे एकदा शोधा.

शुभांगी_इस्लामपूर

शोधलं. दोन्ही पुड्यांच्या खलबत्त्यात बत्त्याच्या दांड्यावर एकाच जागी एक बारीक खोक आहे. आमच्या सिलिंडरवरची ती चूक आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. प्रिंटर बदलतोय.

नोटीस नावावरून पाठवली. नवीन सिलिंडर चारच रंगांचे करतोय, फोटो काढून टाकला म्हणून दोन वाचले. दोरा मधोमध. दुकानदाराच्या मार्जिनचं काय करायचं ते मात्र सुटलेलं नाही, बावीस टक्के आम्हाला परवडत नाहीत.

पोपटराव_किराणा

मार्जिन नका वाढवू वहिनी. उधारी आठ दिवसांची पंधरा करा आणि फुटलेली पुडी बदलून द्या. नवा माणूस फुटका माल परत घेत नाही. आणि पहिल्या पंधरवड्यात दोन लडी माझ्याकडं द्या. आईला दाखवायची आहे.